‘आमच्याविषयी’ पान पुन्हा पुन्हा संस्थापकांवरच का येतं: दोष शोधण्याची आणि काढण्याची पद्धत

‘आमच्याविषयी’ पान उघडावं, तर वर संस्थापकांचा फोटो असतो. खाली त्यांचं शिक्षण, पहिली नोकरी, ती सोडण्याचा निर्णय, सुरुवातीचे खडतर दिवस आणि सगळ्यात शेवटी दर्जा, विश्वास, पारदर्शकता. वाचणारा आलेला असतो त्याचं काहीतरी अडलं आहे म्हणून, आणि त्या अडचणीचं नावही पानावर कुठे सापडत नाही. मग कुणीतरी हे लक्षात आणून देतं, पान नव्याने लिहिलं जातं, आणि सहा-आठ महिन्यांनी बघावं तर पुन्हा तोच फोटो, तेच खडतर दिवस.

व्यवसायांच्या वेबसाइटचा मजकूर तपासणं आणि लिहिणं हे माझं रोजचं काम. सुरुवातीची काही वर्षं मीही हा दोष भाषेचा समजत होते. ‘आम्ही’ काढायचं, ‘तुम्ही’ घालायचं, वाक्यं उलटी फिरवायची आणि पान द्यायचं. ती सगळी पानं परत बिघडली. दोष बहुतेक वेळा लिहिण्याच्या आधीच तयार झालेला असतो. पानासाठी माहिती गोळा करताना बोलणं एकाच माणसाशी होतं, तो माणूस म्हणजे संस्थापक, आणि त्याला विचारलेला प्रश्न असतो ‘तुमचा प्रवास सांगा’. ज्याला प्रवास विचारला तो प्रवासच सांगणार. त्या कच्च्या मालातून ग्राहकाची अडचण कितीही पिळली तरी निघणार नाही, कारण ती त्यात मुळातच नसते.

हे एका कामाच्या आधारे सविस्तर दाखवते. छताची आणि भिंतींची पाणीगळती दुरुस्त करणारी एक छोटी कंपनी होती. नाव देत नाही.

आधी मोजायचं, मग मत द्यायचं

पान संस्थापकांविषयी आहे हे नुसतं म्हटलं, तर समोरचा म्हणतो, ‘छे हो, ग्राहकाबद्दलही आहे की!’ म्हणून वाक्यं सुटी करून एकेकाला खूण करायची. पान मोठं असेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एवढं चालवलं की वाक्यांची क्रमवार यादी मिळते:

```
document.querySelector('main').innerText
  .split(/[.!?।\n]+/)
  .map(s => s.trim()).filter(Boolean)
  .forEach((s, i) => console.log(i + 1, s));
```

काही साइटवर `main` हा टॅगच नसतो आणि `null` चा एरर येतो. तिथे `main` च्या जागी `body` लिहा आणि मेन्यू-तळटीपांच्या ओळी यादीतून वगळा. ‘डॉ.’ किंवा ‘श्री.’ मधल्या टिंबावरही वाक्य तुटतं, ते हाताने जोडून घ्या.

आता त्या कंपनीच्या पानाचा मुख्य भाग, ओळखीचे तपशील गाळून:

> १. आमचे संस्थापक लहानपणापासूनच जिज्ञासू वृत्तीचे होते. २. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी एका मोठ्या बांधकाम कंपनीत नोकरी केली. ३. मात्र स्वतःचे काहीतरी करावे ही ओढ स्वस्थ बसू देत नव्हती. ४. अखेर सुरक्षित नोकरी सोडून त्यांनी या व्यवसायाची मुहूर्तमेढ रोवली. ५. सुरुवातीच्या काळात अनेक अडचणी आल्या. ६. परंतु जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर त्यांनी प्रत्येक संकटावर मात केली. ७. आज २२ वर्षांच्या अनुभवातून आम्ही गळती प्रतिबंधक उपाययोजनांमधील अग्रगण्य नाव बनलो आहोत. ८. दर्जा, विश्वास आणि पारदर्शकता ही आमची त्रिसूत्री आहे. ९. ग्राहकाचे समाधान हेच आमचे ध्येय आहे.

अनेक जण इथे ‘आम्ही’, ‘आमचे’ किती वेळा आलं ते शोधून मोजतात. मराठीत ही मोजणी फसते. आपण सर्वनाम सहज गाळतो. ‘सुरुवात केली’, ‘नोकरी सोडली’, ‘अनुभव घेतला’ या वाक्यांत ‘आम्ही’ही नसतं आणि ‘त्यांनी’ही नसतं, तरी ती कुणाबद्दल आहेत हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं. व्याकरणातला कर्ता मोजला तरी पुरत नाही. तिसऱ्या वाक्याचा कर्ता ‘ओढ’ आहे, पाचव्याचा ‘अडचणी’. पण ओढ कुणाची? संस्थापकांची. अडचणी कुणाच्या? त्यांच्याच. म्हणून शब्द न मोजता प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा, हे कुणाबद्दल सांगतंय? उत्तरं चारच ठेवायची: संस्थापक, कंपनी, काम, ग्राहक.

पहिली सहा वाक्यं संस्थापकांची झाली, पुढची तीन कंपनीची. कामाबद्दल शून्य, ग्राहकाबद्दल शून्य. नवव्या वाक्यावर दर वेळी वाद होतो, कारण त्यात ‘ग्राहक’ हा शब्द आहे. पण ते वाक्य कंपनीच्या ध्येयाबद्दल आहे. ग्राहकाची अडचण त्यात नाही. गळती असो वा गोदामाचा हिशेब, ते वाक्य कुठल्याही पानावर जसंच्या तसं चालेल, आणि तेवढ्यावरूनच ते कंपनीच्या खात्यात टाकायला हरकत नाही.

दुसरी फसवणूक ‘तुम्ही’ची. ‘तुम्हाला आमच्या संस्थापकांचा प्रेरणादायी प्रवास जाणून घ्यायला आवडेल’ या वाक्यात ‘तुम्हाला’ आहे आणि विषय मात्र संस्थापकच आहेत. अशी वाक्यं घाईघाईने ‘सुधारलेल्या’ पानांवर हमखास सापडतात. त्यांची खूण बदलू देऊ नका.

मोजणीनंतर आणखी एक लहान चाचणी मी करते. पानाची पहिली दोन वाक्यं, कंपनीचं नाव झाकून, या व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यायची आणि विचारायचं, ‘हे लोक कुणाची कोणती अडचण सोडवतात?’ वरच्या पानाची पहिली दोन वाक्यं वाचून मिळालेलं उत्तर होतं, ‘घरं बांधतात का?’

आकडे कुठे बघायचे आणि कुठे बघू नयेत

मालकांना आकडे हवे असतात, आणि ते मागणं बरोबरही आहे. पण या पानाबाबत काही आकडे दिशाभूल करतात.

गूगल सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स अहवाल उघडून `Page` च्या फिल्टरमध्ये `/about` किंवा तुमच्या पानाचा जो पत्ता असेल तो घाला, आणि `Queries` बघा. तिथे फक्त कंपनीचं नाव आणि संस्थापकांचं नाव दिसलं, तर शोधातून या पानावर येणारे लोक तुमचं नाव आधीच ऐकून आलेले असतात. त्यांना ओळख नको असते, खात्री हवी असते. हा अहवाल जास्तीत जास्त १६ महिने मागचा मिळतो आणि फार कमी लोकांनी वापरलेले शोधशब्द त्यात दाखवले जात नाहीत. त्यामुळे लहान साइटवर यादी तुटपुंजी दिसली तर तिच्यावरून मोठे निष्कर्ष काढू नका.

अ‍ॅनालिटिक्समध्ये लोक चुकतात ते स्क्रोलच्या आकड्यावर. GA4 मध्ये आपोआप नोंदला जाणारा `scroll` हा इव्हेंट पान ९० टक्के खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे वाचणारा पहिल्या परिच्छेदाला कंटाळून गेला की सहाव्या, हे त्यातून कळत नाही. ते हवं असेल तर टॅग मॅनेजरमध्ये स्क्रोल डेप्थचा ट्रिगर २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर वेगळा लावावा लागतो. पानावर घालवलेला वेळ वाढला तर खूश होण्याचंही कारण नाही. लांबलचक चरित्रात फोन नंबर शोधतानाही वेळ जातोच.

मला खरोखर उपयोगी वाटलेला आकडा एकच. या पानावरून लोक पुढे कुठे जातात? GA4 च्या `Explore` मधल्या पाथ एक्सप्लोरेशनमध्ये हे पान सुरुवात म्हणून घेतलं की दिसतं. इथून संपर्काकडे कुणीच जात नसेल आणि बरेच जण उलट कामांच्या पानाकडे परतत असतील, तर त्यांना हवं ते इथे मिळालं नाही असं समजायला जागा आहे. महिन्याला साठ-सत्तरच लोक हे पान बघत असतील तर दोन मसुदे निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवून तुलना करण्याचा खटाटोप करू नका. एवढ्याशा संख्येत फरक योगायोगाने पडला की मजकुरामुळे, हे सांगता येणार नाही. अशा साइटवर टेलिफोनवरचं बोलणं जास्त सांगतं.

अडचण कुणाला ठाऊक असते

त्या कंपनीत फोन घेणाऱ्या एक ताई होत्या. मी त्यांच्या शेजारी अर्धा दिवस बसले. त्यांना म्हटलं, ‘ताई, लोक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात ते फक्त सांगा.’ त्यांना आठवावंही लागलं नाही.

‘मागच्याच वर्षी केलं होतं हो, परत गळतंय. दहातल्या सहा-सात जणांचं हेच. मग काही जण विचारतात, सगळ्या फरश्या उखडाव्या लागतील का? आणि एक असं विचारतात की, वरच्यांचं म्हणणं आमच्याकडून येत नाही, मग येतंय कुठून ते तुम्ही सांगाल का?’

अर्ध्या दिवसात पानाचा अर्धा मजकूर हातात आला होता, आणि त्यातला एकही शब्द जुन्या पानावर नव्हता. एकदा पैसे गेले आणि काम टिकलं नाही. पाणी येतं कुठून हे कुणी सांगत नाही. तोडफोडीची धास्ती आहे. ग्राहकाची अडचण म्हणजे नुसती ‘गळती’ नाही, गळतीवर आधी झालेला फसलेला उपाय ही खरी अडचण आहे. हे कळलं नसतं तर मीही ‘पावसाळ्यात गळतीने हैराण आहात?’ असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते, जे शंभर पानांवर आहे.

फोन घेणारं कुणी नसेल तर चौकशीचे ईमेल, निरोप, साइटवरच्या फॉर्ममधला मजकूर, लोकांनी लिहिलेले अभिप्राय हे सगळं चालतं. तीस-चाळीस वाचले की तीच तीन-चार वाक्यं पुन्हा येऊ लागतात. ती लोकांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘ओल परत आली’ हे त्यांचं वाक्य असेल तर त्याचं ‘आर्द्रतेची पुनरावृत्ती’ करू नका. अभिप्रायांची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ते काम झाल्यावरचे असतात, त्यामुळे त्यात समाधान किंवा राग जास्त असतो आणि येण्याआधीची धाकधूक कमी. ती धाकधूक पहिल्या चौकशीतच सापडते.

संस्थापकांना कोणता प्रश्न विचारायचा

यानंतरच मी संस्थापकांकडे गेले. साहेब चांगले होते, पण पान वाचून दाखवल्यावर दुखावले. म्हणाले, ‘म्हणजे माझी २२ वर्षं कुणाला नकोत, असंच ना?’

हा क्षण जपून हाताळावा लागतो. त्यांचं काही चुकलेलं नसतं. त्यांनी खरोखर नोकरी सोडलेली असते, खरोखर दिवस काढलेले असतात. ते सगळं पुसून टाका असं सांगणारा लेखक पुढच्या बैठकीत टिकत नाही, आणि पान दुरुस्त झालं तरी त्यांच्या मनातून ते उतरतं. पुढे तेच पान परत बिघडण्याची सुरुवात इथेच होते.

मी म्हटलं, ‘साहेब, प्रवास राहू द्या. लोक तुमच्याकडे येण्याआधी ज्यांनी काम केलेलं असतं, त्यांचं नेमकं काय चुकतं?’

ते लगेच सावरून बसले. टेबलावरचा एक जुना कागद उलटा केला आणि पेन्सिलीने स्लॅबचा आडवा छेद काढला. वर एक फट, तिथून आत एक वाकडीतिकडी रेघ, आणि बऱ्याच अंतरावर खाली एक गोल. ‘हे बघा, पाणी शिरलं इथे. स्लॅबच्या आतून फटी धरत धरत गेलं आणि उतरलं तिथे. घरातल्या माणसाला गोल दिसतो. येणारा कारागीर त्या गोलाच्या बरोबर वर जाऊन लेप मारतो, तोही ओल पुरती सुकलेली नसताना. ओल्या पृष्ठभागावर लेप धरणार कसा? नोकरीत असताना मी स्वतः अशी कामं पास केली आहेत. दुसऱ्या वर्षी तीच माणसं तोच फोटो घेऊन यायची. ते मला बघवेना, म्हणून सोडली नोकरी.’

जुन्या पानावर लिहिलं होतं, ‘स्वतःचे काहीतरी करावे ही ओढ स्वस्थ बसू देत नव्हती.’ नोकरी सोडण्याचं खरं कारण त्याच्यापेक्षा कितीतरी सच्चं होतं, आणि ते नेमकं फोनवरच्या पहिल्या वाक्याचं उत्तर होतं. परत का गळतं हे या माणसाला ठाऊक आहे. संस्थापकांच्या गोष्टीतला हा भाग पानावर हवाच होता. तो कधी विचारलाच गेला नव्हता.

तेव्हापासून मी हेच तीन प्रश्न विचारते. लोक तुमच्याकडे येण्याआधी काय करून पाहिलेलं असतं? ते का टिकत नाही? आणि ते टिकावं म्हणून तुम्ही असं काय करता जे वेळखाऊ आहे, पण तुम्ही सोडत नाही? तिसऱ्या प्रश्नाला साहेबांचं उत्तर होतं पाणी साठवून बघणं. गच्चीवरच्या निचऱ्याची तोंडं बंद करायची, पाणी साठवायचं, एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खाली ओल कुठे आणि किती तासांनी वाढते याची नोंद ठेवायची. छताचं वजन पेलण्याची शंका असेल तिथे ते पाणी साठवत नाहीत, भागाभागाने शिंपडून बघतात. हेही त्यांनी न विचारता सांगितलं, आणि मला ते फार आवडलं.

‘म्हणून’ लावून बघा

जुन्या वाक्यांपैकी काय ठेवायचं हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. संस्थापकांबद्दलच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘म्हणून तुमच्या…’ जोडायचं आणि वाक्य खरेपणाने पुरं होतं का बघायचं.

‘संस्थापक लहानपणापासून जिज्ञासू होते, म्हणून तुमच्या…’ पुढे काहीच येत नाही. ‘२२ वर्षांचा अनुभव आहे, म्हणून तुमच्या छताचं काम चांगलं होईल.’ पुरं झालं, पण खरेपणा नाही. २२ वर्षं चुकीचं काम करणारेही असतात. ‘दुरुस्त केलेली छतं पुन्हा गळताना त्यांनी जवळून पाहिली, म्हणून तुमच्या छतावर ते पाण्याची वाट सापडेपर्यंत लेप लावत नाहीत.’ हे पुरंही होतं आणि यातली गोष्ट तपासूनही बघता येते. हे वाक्य राहतं.

‘म्हणून’च्या नंतर कृती यायला हवी, विशेषण नको. ‘म्हणून तुमच्या कामात उत्कृष्टता येते’ असं पुरं झालं तर ते नापास समजा.

मग पान असं झालं:

> गळतीचे काम एकदा करून घेतले आणि वर्षभरात त्याच जागी पुन्हा ओल आली, असे सांगत बहुतेक लोक आमच्याकडे येतात. ओल जिथे दिसते तिथूनच पाणी शिरलेले असते असे नाही. स्लॅबमधल्या फटींतून वाट काढत ते बरेच अंतर जाते आणि भलतीकडेच उतरते. दिसणाऱ्या डागाच्या वर लेप लावला तर पैसे जातात, पाणी येतच राहते.
>
> म्हणून आम्ही आधी पाण्याची वाट शोधतो. गच्चीवर पाणी साठवून एक-दोन दिवस ठेवतो आणि ओल कुठे, किती वेळात वाढते याची लेखी नोंद तुम्हाला देतो. पाणी कुठून येते हे कळले की किती भाग उघडावा लागेल हेही कळते, आणि बहुतेक वेळा सगळ्या फरश्या काढाव्या लागत नाहीत.
>
> ही पद्धत आमच्या संस्थापकांनी घालून दिली. बांधकाम कंपनीत अभियंता असताना त्यांनी स्वतः मंजूर केलेली दुरुस्तीची कामे दुसऱ्या वर्षी पुन्हा गळताना पाहिली. नोकरी सोडून २२ वर्षांपूर्वी त्यांनी हे काम सुरू केले ते त्यामुळे. आजही शोधाची प्रत्येक नोंद ते स्वतः वाचतात आणि मगच काम सुरू होते.
>
> जमिनीतून भिंतीत वर चढणारी ओल आम्ही दुरुस्त करत नाही. तपासणीत तसे आढळले तर स्पष्ट सांगतो.

संस्थापक गेलेले नाहीत. त्यांची नोकरी, ती सोडण्याचा निर्णय, २२ वर्षं, सगळं आहे. फक्त ते तिसऱ्या परिच्छेदात, ग्राहकाच्या अडचणीचं उत्तर म्हणून आलं आहे. ‘स्वतः मंजूर केलेली’ हे शब्द छापायला साहेब तयार होतील का, ही मला धास्ती होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘खरं आहे ते. राहू द्या.’

शेवटचा परिच्छेद मी आग्रहाने ठेवते. काय करत नाही हे सांगितलं की वरच्या दाव्यांना वजन येतं, आणि चुकीच्या कामासाठीचे फोनही कमी होतात.

उलट बाजूला जाऊन पडू नका

हे एकदा कळलं की काही जण संस्थापकांना पूर्ण हाकलतात. मग पान सेवांच्या पानासारखं दिसू लागतं. ओळखायची खूण अशी, की परिच्छेद उचलून सेवांच्या पानावर ठेवला आणि काहीच बदलावं लागलं नाही, तर तो ‘आमच्याविषयी’चा नाही. इथे येणारा ‘हे काम काय असतं’ असं विचारत नसतो. तो विचारत असतो, ‘माझं काम या माणसांवर सोपवावं का?’ त्याला माणसं दिसायलाच हवीत. जबाबदार कोण, भेटायचं कुठे, परवाना किंवा नोंदणी असेल तर ती, हे सगळं पानावर राहायला हवं. पैसे किंवा आरोग्याशी संबंधित व्यवसाय असेल तर यात काटकसर अजिबात नको.

डॉक्टर, वकील, शिक्षक अशांच्या बाबतीत सेवा म्हणजे तो माणूसच असतो. तिथे संस्थापकांची वाक्यं निम्म्याहून जास्त भरली तरी बिघडत नाही. क्रम मात्र तोच, आधी येणाऱ्याची अडचण, मग हा माणूस तिच्याशी काय करतो.

परत बिघडू नये म्हणून

या कंपनीच्या पानावर मी पाच महिन्यांनी गेले, तर वर एका सत्काराचा फोटो आणि खाली ‘संस्थापकांचे मनोगत’ आलेलं. कार्यालयातल्या कुणीतरी कौतुकाने चढवलं होतं. त्यांना ते चढवायला दुसरी जागाच नव्हती, हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. सत्कार, वर्धापनदिन, मनोगत या गोष्टी येतच राहणार. त्यांना घर दिलं नाही तर त्या याच पानावर येऊन बसणार.

म्हणून संस्थापकांचं एक वेगळं पान केलं आणि ‘आमच्याविषयी’च्या तिसऱ्या परिच्छेदातून त्याला दुवा दिला. सविस्तर चरित्र, सत्कार, मनोगत, जुने फोटो, सगळं तिथे गेलं. साहेबांनाही ते जास्त आवडलं, कारण तिथे शब्दांची अडवणूक नव्हती. मूळ पानाचा पत्ता बदलला नाही, बाहेरून आलेले दुवे तुटायला नकोत म्हणून. फोटोही राहिला, पण खुर्चीतला नाही. गच्चीवर साठवलेल्या पाण्यात गुडघ्यावर बसून खूण करतानाचा, कडेला नोंदवही धरलेला.

दुसरी व्यवस्था माणसांची. पानात बदल करण्याआधी फोन घेणाऱ्या ताईंना दाखवायचं, असं ठरलं. मंजुरी साहेबांचीच, पण आधी नजर ताईंची. आणि दर सहा महिन्यांनी वाक्यांची तीच चार खात्यांतली मोजणी करायची. नेमकं प्रमाण किती असावं याचा आकडा मी कुणाला देत नाही, पहिला परिच्छेद मात्र पूर्णपणे ग्राहक आणि काम या दोन खात्यांतच असला पाहिजे. नव्या पानाच्या पहिल्या परिच्छेदात चार वाक्यं आहेत. पहिलं आणि चौथं ग्राहकाचं, मधली दोन कामाची.

बदलाचा परिणाम बघताना गळतीच्या व्यवसायात एक सापळा आहे. पाऊस आला की चौकशा वाढतातच, मजकूर कसाही असो. त्यामुळे आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली, आणि तिथेही फरक दिसला तो मजकुराचाच असं ठामपणे म्हणण्याइतकी संख्या मोठी नव्हती. ताईंनी मात्र वेगळी गोष्ट सांगितली. काही लोक आता फोनवर पहिलंच वाक्य असं बोलतात, ‘तुम्ही पाणी साठवून बघता ना? मग ते दोन दिवस गच्ची वापरता येईल का?’ नाही येत. ते उत्तर पानावर नव्हतं, म्हणून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य वाढवलं: ‘या काळात गच्चीचा तेवढा भाग वापरता येत नाही, घरातले पाणी आणि नळ नेहमीप्रमाणे चालू राहतात.’